बाळंतिणीचा दिवस रात्री नऊला सुरू होतो

गेल्या श्रावणात माझी भाची बाळंत झाली. सिझेरियन झाले, मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. माझ्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे माहेरपण करायला मी चिंचवडला तिच्या घरी गेले. मी अठ्ठावीस वर्षे प्रसूती विभागात परिचारिका होते, पण तिथे बाळंतीण आमच्याकडे असते तीन-चार दिवस. भेटीच्या वेळेची पाटी लावलेली असते आणि ती वेळ संपली की आयाबाई सगळ्यांना बाहेर काढतात. घरी गेल्यावर त्या बाईचे काय होते, हे मी सव्वा महिना जवळून पाहिले ते भाचीच्या निमित्ताने.

मी पोचले तेव्हा बाळ अकरा दिवसांचे होते. दुसऱ्या दिवशी बारसे झाले. बारशानंतरच्या चार दिवसांत भाचीचा चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळे, आणि "मावशी, मी दिवसभर काहीच करत नाही तरी एवढी का थकते?" असे ती सारखे विचारायची. म्हणून मी तिला एक वही दिली आणि म्हटले, चोवीस तास फक्त लिही. बाळाला किती वाजता अंगावर घेतलंस, किती वाजता खाली ठेवलंस, तू कधी झोपलीस, घरात कोण आलं. बाकी काही नको.

त्या वहीचे पान अजून माझ्याकडे आहे. चोवीस तासांत दहा वेळा पाजले होते. तान्ह्या बाळाला आठ ते बारा वेळा पाजावे लागते, म्हणजे तिचे अगदी बरोबर चालले होते. पण एकदा पाजणे म्हणजे नुसते पाजणे नसते. अर्धा तास दूध, मग खांद्यावर घेऊन ढेकर, मग लंगोट बदलणे, पुन्हा थोडे पाजून निजवणे. हे सगळे पाऊण तासाच्या आत होत नाही. दहा वेळा पाऊण तास म्हणजे साडेसात तास. ज्या बाईला वाटत होते की आपण काहीच करत नाही, ती एका कचेरीच्या दिवसाइतके काम करत होती, आणि तेही रात्रंदिवस वाटलेले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरातले सगळे म्हणत होते, "बाळ दर अडीच तासांनी दूध पितं, मग मध्ये अडीच तास मिळतात की झोपायला!" हा हिशेब चुकतो. अडीच तास मोजायचे ते एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत. त्यातून पाऊण तास आधीच गेला. उरले पावणेदोन तास. त्यात बाथरूमला जाणे, पाणी पिणे, झोप लागायला पंधरावीस मिनिटे. म्हणजे खऱ्या झोपेला राहतात सव्वा तास. अशा वेळी कुणी "पाच मिनिटं बाळ बघून जातो" म्हणून आले आणि चहा होईपर्यंत चाळीस मिनिटे बसले, तर ती सगळी झोपच गेली. उरलेल्या अर्ध्या तासात डोळा लागेपर्यंत बाळ उठते. वहीप्रमाणे त्या दिवशी चार वेळा माणसे आली होती, आणि भाची झोपली होती तुकड्यातुकड्याने मिळून चार तास दहा मिनिटे. एकही तुकडा सव्वा तासाहून मोठा नव्हता.

म्हणून आम्ही दिवस नव्याने आखला, आणि आखताना घड्याळाकडून न जाता पाजण्याकडून गेलो. बाळ ठरलेल्या वाजता उठत नाही, त्यामुळे सकाळी आठला हे, नऊला ते, असे वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोलमडते. पण पाजण्यांना एक चाल असते. आठवडाभर वही लिहिली की ती दिसू लागते. आमच्या छकुलीची चाल बहुतेक तान्ह्या बाळांसारखीच होती: संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत ती तासातासाला दूध मागायची, आणि त्यानंतर चोवीस तासांतली सगळ्यात लांब झोप घ्यायची.

पहिली आखणी या लांब झोपेची. बाळंतिणीचा दिवस मी रात्री नऊपासून मोजते, कारण त्या झोपेवर पुढचा सगळा दिवस उभा असतो. आणि नेमकी तीच झोप घरोघरी वाया जाते. बाळ साडेआठ-नऊला एकदाचे निजते, मग बाळंतीण जेवायला बसते, मग ओटा आवरते, लंगोटांच्या घड्या घालते, मोबाइल बघते आणि साडेअकराला अंथरुणावर पडते. पाऊण-एक वाजता बाळ उठते. आम्ही जेवण मागे ओढले. भाचीचे ताट सव्वासातला, दोन पाजण्यांच्या मध्ये, खोलीतच. आठ चाळीसचे पाजणे झाले की बाळाला तिच्या हातातून मी घ्यायची, आणि ती सव्वानऊच्या आत दिवा मालवून आडवी. ढेकर, लंगोट, निजवणे माझ्याकडे. पाऊणपर्यंत तिला सलग सव्वातीन तास मिळू लागले. तिसऱ्या दिवशी तिचा आवाजच बदलला.

इथे एक अट आहे, ती विसरू नका. बाळाचे वजन जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत थोडे उतरते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येते. आमची छकुली पाचव्या दिवशी दोन किलो सातशे होती आणि चौदाव्या दिवशी दोन किलो साडेनऊशे. म्हणून डॉक्टरांनी रात्री चार तास झोपू द्यायला हरकत नाही असे सांगितले. ज्या बाळाचे वजन अजून परत आलेले नाही, जे कमी दिवसांचे आहे किंवा ज्याला कावीळ आहे, त्याला रात्रीसुद्धा दोन-तीन तासांनी उठवून पाजायचे असते. तिथे लांब झोपेची वाट बघू नये.

रात्रीची उरलेली पाजणी आम्ही वाटून घेतली. पाजणे फक्त आईलाच जमते, पण त्याच्या आजूबाजूचे सगळे कुणालाही जमते. पाऊणच्या पाजण्यानंतर ढेकर आणि लंगोट जावयांकडे. त्यांची रजा बारशाबरोबर संपली होती, पण एकपर्यंत जागणे त्यांना जमत होते. तीनचे पाजणे भाची एकटी करायची, कुशीवर झोपून, पाठीला उशी लावून. टाके असलेल्या बाईला बसण्यापेक्षा हे सोपे पडते. पलंगावर गाद्या-उशा बाळाच्या तोंडाशी नसाव्यात, आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजताना डोळा लागू देऊ नये. तिथे बाळ घसरून फटीत दबण्याचा धोका असतो. पावणेसहाचे पाजणे झाले की बाळ विहीणबाईंच्या मांडीवर. त्या संगमनेरहून आल्या होत्या आणि तशाही पहाटे पाचला उठतात. "मला काम काय आहे इथं?" असे त्यांना वाटत होते, ते मिटले. रात्रीचे पाजणे मात्र आम्ही टाळले नाही. दूध तयार करायला लावणारे संप्रेरक रात्री जास्त असते, आणि पहिल्या महिन्यात रात्रीची पाजणी गाळली तर दूध कमी होऊ लागते. आईचे दूध काढून ठेवून एखादे पाजणे दुसऱ्या कुणी देणे, हे दूध नीट बसल्यावर, महिन्यानंतर बघावे.

दिवसातला दुसरा मोठा तुकडा अंघोळीनंतरचा. तेल लावून, न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळलेले बाळ दूध पिऊन जे निजते ते दीड-दोन तास हलत नाही. आपल्याकडे हा वेळ बाळंतिणीच्या स्वतःच्या मालिशीला आणि अंघोळीला जातो. मालिशवाल्या मावशी आधी बाळाला न्हाऊ घालतात, मग बाळंतिणीला घेतात, आणि तिचे डोके पुसून होईतो बाळ जागे. आम्ही क्रम उलटा केला. आठचे पाजणे, मग भाचीचा नाश्ता, पावणेनऊला तिची मालिश. हात, पाय, पाठ, टाक्यांमुळे पोट सोडून. मग तिची अंघोळ. दहाला बाळाची मालिश आणि अंघोळ, साडेदहाला पाजणे, आणि अकराला दोघी झोपलेल्या. मालिशवाल्या मावशींना सुरुवातीला हे पटले नाही, पण त्यांची वेळ तेवढीच लागत होती, म्हणून चालले. शेगडी आणि धुरी मात्र मी बंद केली. बंद खोलीत निखाऱ्यातून निघणारा वायू विषारी असतो, त्याला वास नसतो, आणि ओव्याचा धूर तान्ह्या फुप्फुसाला त्रास देतो. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला, कपड्यावरून आणि टाक्यांपासून दूर.

त्यानंतर एकचे पाजणे, पावणेदोनला जेवण, सव्वातीनचे पाजणे. अठराव्या दिवशी मी वही पुन्हा पाहिली. अकरा पाजणी झाली होती, आधीपेक्षा एक जास्तच, आणि झोप झाली होती सव्वासात तास.

आता पाहुण्यांचे. माणसे प्रेमाने येतात, लांबून येतात, बाळंतविडा घेऊन येतात. त्यांना येऊ नका म्हणणे आपल्याला जमत नाही आणि म्हणूही नये. पण ती येतात कधी? ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा बाळ तासातासाला दूध मागते. पुढे काय होते ते मी वॉर्डात परत आलेल्या कितीतरी आयांकडून ऐकले होते, आता डोळ्यांनी पाहिले. पाहुणे बाहेरच्या खोलीत. बाळंतीण आत पाजायला बसली तर बाहेरून "झालं का गं?" होते, आणि मोठ्या माणसांना ताटकळत ठेवल्यासारखे तिला वाटते. मग ती बाळाला लवकर सोडवते, किंवा पाजणे पुढे ढकलते. बाळ कडेकडेवर फिरते, रडते. कुणीतरी काळजीने म्हणते, "दूध पुरत नाही वाटतं हिला." दुसरे कुणी पावडरच्या दुधाचा डबा सुचवते. त्या रात्री बाटली दिली जाते, बाळ पोट भरून झोपते, आणि आईची छाती भरलेलीच राहते. अंगावरचे दूध जेवढे काढले जाते तेवढे बनते. साठून राहिले की शरीर ते बनवणे कमी करते. आठवड्याभरात दूध खरेच कमी होते आणि सगळ्यांना वाटते की आपला अंदाज बरोबर होता.

दूध पुरते की नाही हे संध्याकाळच्या रडण्यावरून ठरत नाही, छाती मऊ लागते यावरूनही नाही. ते ओल्या लंगोटांवरून ठरते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, पातळ पिवळी शी, आणि वजनकाट्यावर चढते वजन, एवढे असेल तर दूध पुरते आहे. दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास एखादे दोन-तीन दिवस बाळ एकाएकी जास्त वेळा मागू लागते. ती वाढीची भूक असते. मागेल तेवढे पाजले की दूध आपोआप वाढते.

म्हणून आम्ही पाहुण्यांची वेळ ठेवली चार ते सव्वापाच. तेव्हा भाची दुपारची पडून उठलेली असायची, सव्वातीनचे दूध झालेले असायचे आणि पुढच्याला अवकाश असायचा. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारी हीच वेळ. निरोप कुणी द्यायचा, हा नाजूक प्रश्न. सुनेने दिला तर सासरच्यांना लागतो, सासूने दिला तर माहेरच्यांना. जावयांनीच दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले: "बाळ-बाळंतीण छान आहेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. भेटायला दुपारी चार ते सव्वापाच यावे, येण्याआधी मला फोन करावा. सर्दी-खोकला असेल तर बरे झाल्यावर नक्की या." फोन त्यांना करायचा होता, भाचीला नाही, हे एक वाक्य फार उपयोगी पडले. दारात हात धुवायला साबण ठेवला. बाळाचा पापा घेऊ नये, हे सांगायचे काम मी केले, कारण परिचारिकेचे म्हणणे कुणी मनावर घेत नाही. तोंडावर फोड आलेल्या माणसाच्या पाप्यातूनसुद्धा तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो.

राहायला येणाऱ्या नातेवाइकांची गोष्ट वेगळी. जावयांच्या आत्याबाई, पंच्याहत्तरीच्या, गावाहून एसटीने आल्या. त्यांना चार ते सव्वापाच काय सांगणार? आम्ही त्यांना बाळ दिले. दूध प्यायलेले बाळ छातीशी उभे धरून अर्धा तास बसणे हे काम त्यांच्याइतके शांतपणे कुणाला जमत नव्हते. त्या तीन दिवस राहिल्या आणि त्या तीन दिवसांत भाचीची झोप सगळ्यात चांगली झाली. त्यांनी आणलेली बाळगुटी मात्र आम्ही दिली नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही. आत्याबाईंना मी हे एकटीत सांगितले, चारचौघांत नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच करायचे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगता ते खरं." गुटीची सहाण त्यांनी परत पिशवीत ठेवली.

घरकामाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण बाकीचे ज्याला जसे जमेल तसे होते. लंगोट. तान्हे बाळ दिवसाला बारा-पंधरा लंगोट सहज भिजवते, वर दुपटी. पावसाळ्यात ते वाळत नाहीत. भाचीकडे बारा लंगोट होते, त्यामुळे दर सकाळ-संध्याकाळ कुणीतरी ते धुवून, इस्त्रीने वाळवत बसायचे, आणि तो 'कुणीतरी' बहुतेकदा भाचीच असायची, कारण ती 'रिकामी' दिसायची. आम्ही आणखी दोन डझन घेतले, बाल्कनीत दोरी वाढवली आणि रात्रीपुरते डायपर वापरले. धुणे दिवसातून एकदाच, धुण्याच्या बाईकडे. पाण्याने भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते. सिझेरियन झालेल्या बाईने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे आम्ही वॉर्डात सांगायचो, आणि घरी गेल्यावर पहिली उचलली जाते ती बादलीच. पोळ्या विकत, भाजी-आमटी विहीणबाई. भाचीकडे एकच काम ठेवले: वही.

खाण्याचेही घड्याळ आम्ही पाजण्याला बांधले. प्रत्येक पाजण्याच्या आधी तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या आणि काहीतरी खायला. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, कधी नुसते शेंगदाणे-गूळ, कधी फळ. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एक जेवणच. नुसत्या वरणभातावर किंवा मेथीच्या भाजीवर ते भागत नाही. डाळी, पालेभाज्या, दही, अंडे खात असाल तर अंडे, सगळे खावे. आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. त्या बहुतेकींच्या घरी फ्रिजवर पडून राहतात. आम्ही लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि कॅल्शियमची रात्री ठेवली, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही.

एवढे करूनही एकदा घडी मोडली. विसाव्या दिवशी रविवार होता, गणपती जवळ आलेले, खरेदीला निघालेली माणसे जाताजाता डोकावत होती. दुपारी तीनपासून रात्री साडेआठपर्यंत अकरा जण येऊन गेले. मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. भाचीने दोन पाजणी पुढे ढकलली, एकदा बाळ पाहुण्यांच्या मांडीवर रडून रडून तसेच झोपले. रात्री डावी छाती दगडासारखी झाली. सोमवारी सकाळी तिथे लाल पट्टा दिसत होता, हात लावला की कळ, आणि ताप एकशे एक. थंडी वाजत होती. अशा वेळी "ताप आहे, बाळाला पाजू नकोस" असे हमखास सांगितले जाते. ते चूक आहे. या दुधाने बाळाला काही होत नाही, आणि पाजणे बंद केले तर दूध आणखी साठते आणि दुखणे वाढते. तिने दुखऱ्या बाजूनेही पाजणे चालू ठेवले, पाजल्यावर थंड पाण्याची घडी ठेवली, डॉक्टरांनी तापाची आणि दुखण्याची गोळी दिली. छाती जोराने चोळू नये हे त्यांनी बजावले. पूर्वी आम्हीही चोळायला सांगायचो, आता तसे सांगत नाहीत. चोवीस तासांत उतार पडला नसता तर प्रतिजैविक सुरू करावे लागले असते. तिला मंगळवारी दुपारी उतार पडला. दोन पाजणी चुकल्याची ही किंमत होती, दीड दिवसाचा ताप.

थकवा आणि आजार यांतला फरक घरातल्यांना कळायला हवा, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते की कधी वाट न बघता दवाखान्यात जायचे. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाची पोटरी सुजून दुखणे. बाळाच्या बाबतीत, दूध ओढेनासे होणे, अंग गार किंवा फार गरम लागणे, श्वास धाप लागल्यासारखा चालणे. आणि एक गोष्ट जी तापमापकात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाळंतिणीला विनाकारण रडू येते, ते दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही ती सारखी उदास असेल, बाळ निजले तरी तिला झोप लागत नसेल, बाळाची ओढ वाटत नसेल किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही.

ज्यांच्या घरी मावशी, आत्या, सासू यांपैकी कुणीच नसते, नवराबायको दोघेच असतात, त्यांना यातले सगळे जमणार नाही. त्यांनी दोनच गोष्टी धराव्यात: रात्री नऊची झोप आणि दुपारी अंघोळीनंतरची. या दोन वेळा नवऱ्याने किंवा दोन तासांसाठी ठेवलेल्या बाईने बाळ सांभाळावे. स्वयंपाक, केर, पाहुणे यांतले काहीही राहिले तरी चालेल. आणि आशाताईंना परत पाठवू नका. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन बाळाचे वजन करणे, तापमान बघणे, पाजणे नीट चालले आहे का ते पाहणे हे त्यांचे काम आहे. एकट्या आईसाठी त्या सहा भेटी फार मोलाच्या असतात.

गौरी आल्या त्या दिवशी भाची बाहेरच्या खोलीत पाऊण तास बसली. पूजा पाहिली, ओवसा झाल्यावर पुरणपोळी खाल्ली आणि पाजण्याची वेळ झाली तशी उठून आत गेली. कुणी तिला थांबवले नाही. बेचाळिसाव्या दिवशी छकुलीचे वजन भरले तीन किलो आठशे ग्रॅम.

तुम्ही कुणाचे बाळ बघायला जाणार असाल तर आधी बाळाच्या बाबांना फोन करा, दुपारी चारनंतर जा, सव्वापाचच्या आत निघा. हातात झबल्याऐवजी भाजी-पोळीचा डबा असू द्या. आतल्या खोलीचे दार लोटलेले दिसले तर डबा स्वयंपाकघरात ठेवून परत या. बाळ पुढच्या आठवड्यातही तिथेच असणार आहे.